चार ओळींचं निवेदन आणि एक टाळलेला प्रश्न

ऑक्टोबर 2020 मध्ये, दिवाळी तोंडावर आलेली असताना, तनिष्क या दागिन्यांच्या ब्रँडने आपली एक जाहिरात मागे घेतली. फिल्म जेमतेम पाऊण मिनिटाची होती. मुस्लिम घरात आलेल्या हिंदू सुनेचं डोहाळेजेवण थाटात चाललेलं असतं. ही पद्धत तुमच्याकडे नसते ना, असं ती सासूला विचारते. लेकीला आनंदात ठेवायची पद्धत तर प्रत्येक घरात असते, असं सासू सांगते. एवढंच. त्यावरून ‘लव्ह जिहाद’चा आरोप झाला, बहिष्काराची हाक दिली गेली आणि चार-पाच दिवसांत कंपनीचं तीन वाक्यांचं निवेदन आलं.

पहिल्या वाक्याने सांगितलं की वेगवेगळ्या थरांतली, समाजांतली माणसं कठीण काळात एकत्र यावीत, अशी मोहिमेमागची कल्पना होती. दुसऱ्याने सांगितलं की प्रतिक्रिया मात्र हेतूच्या नेमक्या उलट आणि तीव्र उमटल्या. तिसऱ्याने सांगितलं की नकळत भावना ढवळल्या गेल्याचं दुःख आहे, आणि दुखावलेल्या भावना तसंच आपले कर्मचारी, भागीदार व दुकानांतली माणसं यांचं हित पाहून फिल्म मागे घेत आहोत.

भाषा सभ्य होती, सूर नम्र होता, लांबी बेताची होती. तरीही त्या निवेदनाने कुणाचंच समाधान केलं नाही. चिडलेल्यांना ती माफी वाटली नाही आणि फिल्म आवडलेल्यांना ती शरणागती वाटली. याचं कारण शब्दांच्या निवडीत शोधून सापडणार नाही. वाचणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न होता: तुमच्या मते ती फिल्म चुकीची होती का? त्या तीन वाक्यांत याचं उत्तर नव्हतं.

माझं म्हणणं असं की सणाच्या जाहिरातीवरून भावना दुखावल्याची तक्रार आली की निवेदनाचा प्रामाणिकपणा लेखणी उचलण्याआधीच ठरतो. कंपनीने हा एक प्रश्न स्वतःला विचारला आहे का आणि त्याचं उत्तर लोकांना सांगायची तिची तयारी आहे का, यावर तो ठरतो. उत्तरं तीनच असू शकतात. आमचं चुकलं. आमचं चुकलं नाही. किंवा आमचं चुकलं नाही, तरी आम्ही मागे घेतो, आणि त्याचं कारण हे आहे. तिन्ही उत्तरं प्रामाणिकपणे देता येतात. चौथं निवेदन मात्र असं असतं की वाचून संपल्यावर या तिन्हींतलं कोणतं हे कळतच नाही. आपल्याकडे बहुतेक निवेदनं या चौथ्या जातीची निघतात.

2021 च्या ऑक्टोबरमध्ये फॅबइंडियाने लाल कपड्यांतल्या स्त्री-पुरुषांच्या छायाचित्रासह ‘जश्न-ए-रिवाज’ नावाचा संग्रह समाजमाध्यमांवर जाहीर केला. दिवाळीला उर्दू नाव दिलं म्हणून गदारोळ झाला. पोस्ट काढली गेली आणि खुलासा आला की हा आमचा दिवाळीचा संग्रह नव्हेच, तो ‘झिलमिल सी दिवाली’ या नावाने पुढे येणार आहे. आता मूळ पोस्टची सुरुवातच प्रेमाच्या आणि प्रकाशाच्या सणाचं स्वागत करण्याने झाली होती. ज्यांनी ती वाचली होती त्यांना खुलासा पटणं शक्य नव्हतं. त्याहून मोठी अडचण अशी की उर्दू नाव दिवाळीला चालतं की नाही, हा मूळ वादाचा मुद्दा या खुलाशाने विरोधकांना आयताच देऊन टाकला. दिवाळीचं नव्हतंच म्हणणं म्हणजे दिवाळीचं असतं तर तुमचा राग रास्त होता, असं कबूल करणं. कंपनीला तसं वाटत होतं का, कुणास ठाऊक. पण तिने म्हटलं तेच.

त्याच महिन्यात डाबरच्या फेम ब्लीचची करवा चौथची जाहिरात आली. दोन तरुणी एकमेकींसाठी उपवास करत आहेत, असं त्यात दाखवलं होतं. दोन-तीन दिवसांत कंपनीची दोन निवेदनं निघाली. पहिलं म्हणत होतं की आम्ही वैविध्य, समावेश आणि समता मानतो. आमच्या मोहिमा सगळ्यांना पटतील असं नाही. कुणाला दुखावण्याचा हेतू नव्हता. तरी कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर ते अनवधानाने झालं आणि त्याबद्दल माफी. मध्य प्रदेशच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी कायदेशीर कारवाईचा इशारा दिल्यावर दुसरं निवेदन आलं: जाहिरात सगळीकडून काढली आहे, बिनशर्त माफी मागतो. पहिल्या निवेदनातली मूल्यं दुसऱ्यात कुठेच नव्हती. दोन्ही कागद शेजारी ठेवले की मधल्या काळात कंपनीचं मत बदललं नसून तिच्यावरचा दाब वाढला, एवढंच दिसतं. हा दाब खरा होता. पण दाबाचा उल्लेख निवेदनात नव्हता, त्यामुळे माफी पोकळ झाली. शिवाय जाहिरातीत ज्यांच्यासारखी माणसं दाखवली होती, त्यांच्याबद्दल एक शब्दही आला नाही. आपण पडद्यावर दिसणं हेच माफी मागण्याजोगं ठरलं, एवढाच निरोप त्यांना पोचला.

ही उदाहरणं कंपनीला स्वतःच्या कामात चूक दिसत नसतानाची आहेत. पण दर वेळी कंपनीच बरोबर असते, असंही नाही. सणाच्या जाहिराती घाईत होतात. कल्पना सुचवणारी मंडळी बऱ्याचदा त्या सणाच्या घरातली नसतात, आणि नको तिथे विनोद होतो. खरोखर चूक झाली असेल तेव्हा निवेदन कसं लिहावं, हे पाहण्यासाठी एक कल्पित प्रसंग घेऊ.

समजा, घरगुती उपकरणं विकणाऱ्या एका कंपनीने गणेशोत्सवात जुना फ्रीज देऊन नवा घेण्याची योजना काढली. घोषवाक्य ठरलं ‘जुन्याचं विसर्जन करा’. जाहिरातीत जुना फ्रीज हातगाडीवर ठेवला आहे, पुढे ढोल-ताशा वाजतो आहे, गुलाल उधळला जातो आहे आणि शेवटी तो फ्रीज तलावात सोडला जातो. पुण्या-मुंबईतल्या लोकांनी तक्रारी केल्या.

पहिलं काम तक्रारी वाचण्याचं. त्या मोजणं नंतर. खऱ्या दुखावलेपणाची एक खूण असते: माणूस नेमक्या दृश्यावर बोट ठेवतो. एखादी बाई लिहिते, आमच्याकडे उत्तरपूजेला मूर्तीवर अक्षता टाकून, मूर्ती जागेवरून हलवून, पुन्हा यायचं आमंत्रण देतात. तुम्ही त्याला भंगार टाकणं केलंत. एखादा विक्रेता फोन करून सांगतो की नेहमीची गिऱ्हाइकं दुकानात येऊन विचारताहेत. याउलट शेकडो संदेशांत तेच वाक्य, तीच चूक आणि तोच हॅशटॅग असेल, तर त्यामागे भावनेपेक्षा यंत्रणा जास्त असते. 2019 मध्ये सर्फ एक्सेलच्या होळीच्या जाहिरातीवर राग काढायला निघालेल्या काही जणांनी मायक्रोसॉफ्ट एक्सेल या ॲपला एक-एक तारा दिला होता. त्यांनी ती जाहिरात किती लक्ष देऊन पाहिली असेल, याचा अंदाज यावरून बांधता येतो. अर्थात यंत्रणेने उठवलेल्या आरड्याओरड्यातही एखादी खरी तक्रार दबलेली असू शकते. ती शोधायला वेळ द्यावा लागतो, आणि पहिल्या दोन तासांत निवेदन काढायच्या घाईत नेमका तोच वेळ दिला जात नाही.

आपल्या फ्रीजवाल्यांना त्या बाईचं म्हणणं वाचून पटतं की चुकलं. आता निवेदन. बहुतेक कार्यालयांत पहिला मसुदा असा तयार होईल: ‘आमच्या गणेशोत्सव मोहिमेमुळे काही ग्राहकांच्या भावना दुखावल्याचं आमच्या निदर्शनास आलं आहे. कोणत्याही समाजाच्या भावना दुखावण्याचा आमचा हेतू कधीच नव्हता. गेली तीस वर्षं आम्ही भारतीय संस्कृतीचा आदर करत आलो आहोत. तरीही कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास आम्ही दिलगीर आहोत.’

चारही वाक्यं ओळखीची आहेत आणि चारही काम टाळतात. पहिल्यात ‘काही ग्राहक’ म्हटल्याने तक्रार करणारे थोडे आणि हळवे ठरतात, आणि चूक जाहिरातीतून उचलून त्यांच्या मनात नेऊन ठेवली जाते. दुसरं वाक्य हेतूबद्दल बोलतं. तक्रार हेतूबद्दल नव्हतीच, दृश्याबद्दल होती. तिसरं स्वतःची पाठ थोपटतं. चौथ्यातल्या ‘असल्यास’मुळे माफी अधांतरी राहते, कारण पहिल्याच वाक्यात कंपनीने कबूल केलंय की भावना दुखावल्या आहेत. आणि जाहिरातीत काय दाखवलं होतं, हे कुठेच आलेलं नाही. ज्याने जाहिरात पाहिली नाही त्याला हे निवेदन वाचून काहीच कळणार नाही, आणि ज्याने पाहिली त्याला वाटेल, यांना अजून समजलेलं नाही.

आता दुसरा मसुदा: ‘जुन्याचं विसर्जन करा, या आमच्या जाहिरातीत जुना फ्रीज ढोल-ताशाच्या मिरवणुकीने नेऊन तलावात सोडताना दाखवला होता. गणपतीला निरोप देताना माणसं त्याला पुढच्या वर्षी लवकर ये म्हणतात. त्या निरोपाची बरोबरी आम्ही नको झालेली वस्तू फेकण्याशी केली. ही आमची चूक आहे आणि त्याबद्दल आम्ही माफी मागतो. टीव्ही, रेडिओ आणि समाजमाध्यमांवरून जाहिरात आज काढली आहे; होर्डिंग उद्या संध्याकाळपर्यंत उतरतील.’ खाली कंपनीच्या प्रमुखाचं नाव आणि पद.

हा मसुदा पहिल्यापेक्षा थोडा लांब आहे, पण त्यातलं प्रत्येक वाक्य एक काम करतं. पहिलं काय केलं ते सांगतं. पुढची दोन ते का चुकलं ते सांगतात, आणि तेही तक्रार करणाऱ्या बाईला ओळखू येईल अशा भाषेत, म्हणजे आपलं पत्र कुणीतरी वाचलं हे तिला कळतं. चौथं अट न घालता माफी मागतं. पाचवं तपासता येईल असं वचन देतं. यात हेतूचा उल्लेख नाही, कारण चूक मान्य केल्यावर हेतू चांगला होता हे सांगणं म्हणजे दिलेलं थोडं परत घेणं. संस्कृतीची स्तुती नाही, एजन्सीवर खापर नाही, देणगीची घोषणा नाही, सणाच्या शुभेच्छाही नाहीत. निवेदन लहान ठेवायचं ते वाचकाचा वेळ वाचावा म्हणून नव्हे. सहावं वाक्य लिहायला घेतलं की ते हमखास स्वतःच्या बचावाचं निघतं, म्हणून.

शेवटचं वाक्य सगळ्यात जोखमीचं असतं. ‘जाहिरात काढली आहे’ असं सकाळी जाहीर करायचं आणि दुपारी कुणीतरी नाशिकच्या चौकातल्या होर्डिंगचा फोटो टाकायचा, असं झालं की निवेदन खोटं ठरतं. टीव्हीचे स्पॉट आधीच बुक झालेले असतात, वर्तमानपत्राची पुरवणी आदल्या दिवशी छापून गेलेली असते, विक्रेत्यांनी स्वतःच्या खर्चाने दुकानापुढे फ्लेक्स लावलेले असतात आणि व्हॉट्सॲपवर फिरणारी चित्रफीत तर कुणालाच परत बोलावता येत नाही. म्हणून काय काढलं, काय कधी निघेल आणि काय आपल्या हाताबाहेर आहे, हे जसंच्या तसं सांगावं. आणि जाहिरात मराठीत, मराठी वर्तमानपत्रात आली असेल तर निवेदनही मराठीत, त्याच वर्तमानपत्रात यावं. मराठी माणसाला दुखावून माफी समाजमाध्यमावर इंग्रजीत मागितली, तर ती भागधारकांसाठी आहे असंच तो समजेल, आणि त्याचं फारसं चुकणार नाही.

इथे कंपनीचे वकील आडवे येतात. ‘आमची चूक आहे’ असं लिहून दिलं तर उद्या फौजदारी खटल्यात तेच कागद पुढे येतील, असं ते सांगतात. भीती समजण्याजोगी आहे, पण कायद्याने नेमकं काय म्हटलंय ते पाहावं. धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं भारतीय दंड संहितेचं कलम 295अ हे 1927 मध्ये आलं. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम 299 ने घेतली आहे. या गुन्ह्याला जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान लागतो. महेंद्रसिंग धोनीला विष्णूच्या रूपात, हातांत वेगवेगळ्या कंपन्यांची उत्पादनं देऊन, एका व्यापारविषयक मासिकाच्या मुखपृष्ठावर दाखवलं होतं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा 2017 मध्ये न्यायालयाने 1957 च्या रामजीलाल मोदी निकालाचा आधार घेऊन सांगितलं की नकळत, निष्काळजीपणे आणि दुष्ट हेतूशिवाय झालेला अपमान या कलमात बसत नाही. धोनीवरची कारवाई रद्द झाली.

निवेदनांत ‘अनवधानाने’ हा शब्द दर वेळी का येतो, याचा उलगडा इथे होतो. तो शब्द दुखावलेल्या माणसासाठी लिहिलेला नसतो, या कलमासाठी लिहिलेला असतो. पण मग ‘आम्ही विचार न करता ही बरोबरी केली, चूक झाली’ असं म्हणणंही निष्काळजीपणाचीच कबुली आहे, दुष्ट हेतूची नव्हे. वकिलांना हवं असलेलं संरक्षण आणि लोकांना हवी असलेली कबुली एका वाक्यात मावू शकते. तक्रार तरीही नोंदवली जाऊ शकते आणि कोर्टाच्या फेऱ्या हीच शिक्षा ठरू शकते, हे खरं. पण गोलमोल निवेदनानेही त्या फेऱ्या चुकत नाहीत.

आता दुसरं उत्तर: आमचं चुकलं नाही. सर्फ एक्सेलच्या त्या होळीच्या जाहिरातीत एक मुलगी सायकलवरून फिरत गल्लीतल्या सगळ्यांचे रंग स्वतःच्या अंगावर संपवून घेते आणि मग पांढऱ्या कपड्यांतल्या मुस्लिम मित्राला मशिदीपर्यंत सोडते. हिंदुस्तान युनिलिव्हरने ती मागे घेतली नाही. काही आठवड्यांत वाद ओसरला. असं ठाम राहायचं ठरवलं तर निवेदनात माफी नसावी, अर्धीही नसावी. ‘आम्ही तक्रारी वाचल्या. या दृश्यात सणाचा अपमान आहे असं आम्हाला वाटत नाही. ज्यांना तसं वाटतं त्यांनी जाहिरात मानक परिषदेकडे तक्रार करावी. तिचा निर्णय आम्ही पाळू.’ एवढं पुरे. ही परिषद 1985 पासून मुंबईत काम करते आणि तिच्या तक्रार समितीत जाहिरातीच्या धंद्याबाहेरची माणसंही असतात. तनिष्कच्या त्या फिल्मविरुद्धची तक्रार तिच्यापुढे गेली होती. समितीने एकमताने ठरवलं की फिल्ममध्ये आक्षेपार्ह असं काही नाही. म्हणजे तिसऱ्या पक्षाने तपासून दिलेलं उत्तर उपलब्ध होतं. फिल्म मात्र तोवर उतरलेली होती.

यावर धंद्यातला माणूस विचारेल, की मुख्यालयात बसून ठाम राहणं सोपं आहे, दुकानाच्या काउंटरवर उभ्या असलेल्या मुलाचं काय? हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. तनिष्कच्या वादात गुजरातमधल्या गांधीधामच्या दुकानाच्या दारावर गुजरातीत लिहिलेला माफीचा कागद लागला. दुकानावर हल्ला झाल्याच्या बातम्या पोलिसांनी नाकारल्या, पण लोक माफी लिहून घ्यायला आले होते आणि धमक्यांचे फोन येत होते. फिल्म कुणी बनवली हे दाराशी आलेल्यांना विचारायचं नव्हतं, आणि कागद लिहिणाऱ्याने ती बनवली नव्हती. अशा वेळी मागे हटण्यात लाज काही नाही. माणसं कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोठी.

पण मग तसंच म्हणावं. तनिष्कच्या निवेदनातला सर्वांत प्रामाणिक तुकडा शेवटचा होता, जिथे दुकानातल्या माणसांचा उल्लेख आला. बिघाड झाला तो त्याला दुखावलेल्या भावनांच्या पंक्तीला बसवल्यामुळे. भावना आणि धमकी ही दोन वेगळी कारणं आहेत. एकाला आदराने उत्तर द्यायचं असतं, दुसऱ्याची पोलिसांत तक्रार करायची असते. दोन्ही एका वाक्यात घातली की धमकी देणाऱ्याला दुखावलेल्याची प्रतिष्ठा मिळते, आणि खरोखर दुखावलेला माणूस गुंडांच्या रांगेत जाऊन उभा राहतो. तिसरं उत्तर असं देता आलं असतं: ‘या फिल्ममध्ये चूक आहे असं आम्हाला वाटत नाही. ज्यांना ती रुचली नाही त्यांच्या मताचा आम्ही आदर करतो. आमच्या दुकानांतल्या सहकाऱ्यांना धमक्या येत आहेत. त्यांच्या सुरक्षिततेसाठी फिल्म मागे घेत आहोत आणि धमक्यांची तक्रार पोलिसांकडे केली आहे.’ यात बचाव नाही, आव नाही, खोटी माफीही नाही. शिवाय फिल्ममध्ये जशी कुटुंबं दाखवली, तशा खऱ्या कुटुंबांना कंपनीने नाकारलेलं नाही.

असं लिहिल्याने टीका थांबेल, अशी हमी कुणी देऊ नये. तिसऱ्या प्रकारचं निवेदन तर टीका वाढवूही शकतं, कारण त्यात धमकीला धमकी म्हटलेलं असतं. तो धोका पत्करायचा नसेल तर कंपनीने मुकाट्याने जाहिरात काढावी आणि काहीच बोलू नये. तेही गोलमोल माफीपेक्षा बरं. मात्र निवेदन काढायचंच असेल, तर मसुदा बाहेर पाठवण्याआधी तो जाहिरात न पाहिलेल्या एखाद्या माणसाला वाचायला द्या आणि विचारा: या लोकांच्या मते त्यांचं चुकलं की नाही? त्याला एका शब्दात उत्तर देता आलं नाही, तर तो कागद बाहेर जाऊ देऊ नका.